दोन वेगळी तिकिटं, मध्ये फ्रँकफर्ट: आईबाबांच्या बॅगा थेट शिकागोला जातील का?

सायली_शिकागो

नमस्कार मंडळी. जरा घाईचा प्रश्न आहे. आईबाबा (वय 68 आणि 72) मे महिन्यात माझ्याकडे शिकागोला येतायत. बाबांच्या माइल्सची मुदत संपत आली होती, म्हणून त्यांनी मुंबई–फ्रँकफर्ट जाऊन-येऊन तिकीट माइल्सवर काढलं. पुढचं फ्रँकफर्ट–शिकागो मी दुसऱ्या एअरलाइनचं काढणार आहे. अजून काढलेलं नाही, सेल उद्या रात्री संपतो. मुंबई–शिकागो एकत्र तिकिटापेक्षा दोघांचे मिळून साधारण 70 हजार रुपये वाचतात.

फ्रँकफर्टला 2 तास 50 मिनिटं मिळतात. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, शेंगेन व्हिसा नाही. 23 किलोच्या चार बॅगा आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे व्हीलचेअर लागणार.

मुंबईला दिलेल्या बॅगा थेट शिकागोलाच मिळतील ना? पहिल्या एअरलाइनच्या कॉल सेंटरला दोनदा फोन केला. एकीने सांगितलं, "हो, त्या एअरलाइनशी आमचं इंटरलाइन आहे." दुसरी म्हणाली, "नाही, तिकीट वेगळं असेल तर जाणार नाहीत." कोणाचं खरं मानू?

नाना_डोंबिवली

सायली, काळजी करू नकोस. आम्ही दोघं 2023 मध्ये मुलाकडे गेलो तेव्हा आमचीही दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं होती. मुंबईला बॅगा दिल्या त्या थेट तिकडेच घेतल्या, मध्ये हातही लावला नाही. बोर्डिंग पासही दोन्ही मुंबईलाच मिळाले. इंटरलाइन असलं की झालं.

गंधाली_पोर्तो

नाना, तुमचं तिकीट एक होतं की दोन? कंपन्या दोन असणं आणि तिकिटं दोन असणं यात खूप फरक आहे. मी हा फरक पैसे भरून शिकले आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

चकलीवाली

बॅगांमध्ये लोणच्याची बरणी असेल तर ती दोन पिशव्यांत बांधा. बाकी जाणकार सांगतीलच.

टॅगवाला

मी मुंबई विमानतळावर चेक-इन आणि नंतर ट्रान्सफर डेस्कवर मिळून चौदा वर्षं काढली आहेत. सायलीताई, तुम्हाला फोनवर मिळालेली दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत, गोंधळ तिथेच होतो.

इंटरलाइन हा दोन एअरलाइनमधला करार असतो, प्रवाशाशी केलेला नव्हे. त्यामुळे एक एअरलाइन दुसरीच्या विमानाचं तिकीट स्वतःच्या नावावर काढू शकते. सगळे पैसे तीच घेते. प्रवाशाने दुसऱ्या विमानात पाऊल ठेवलं की ती दुसरी एअरलाइन आपल्या टप्प्याचा वाटा मागते आणि तो हिशोब आयाटाच्या क्लिअरिंग हाउसमधून मिटतो. बॅग पुढे सोपवणं, विमान चुकलं तर प्रवाशाला पुढे नेणं, ही कामं त्याच तिकिटाच्या आधाराने होतात. तुमच्या बाबतीत असं तिकीटच नाही. करार त्या दोघींमध्ये असेलही, पण आईबाबा त्या कराराखाली प्रवास करत नाहीत. पहिल्या एअरलाइनच्या दृष्टीने त्यांचा प्रवास फ्रँकफर्टला संपतो.

नाना, घरी जुनं तिकीट असेल तर त्यावरचा तेरा आकडी नंबर बघा. पीएनआर नको, ई-तिकीट नंबर. दोन्ही टप्प्यांना तोच नंबर आहे का?

नाना_डोंबिवली

फाइल काढली. दोन्ही टप्प्यांना एकच नंबर आहे, 220 ने सुरू होणारा. म्हणजे आमचं तिकीट एकच होतं?

टॅगवाला

हो, एकच. 220 म्हणजे लुफ्तान्साचं तिकीट, 098 असतं तर एअर इंडियाचं. पहिले तीन आकडे सांगतात की तिकीट कोणी काढलं, विमान कोणाचंही असो. तुम्ही गेलात तो इंटरलाइन प्रवास होता, सायलीताईंचा नाही.

आणखी एक. एका तिकिटात जास्तीत जास्त चार कूपन, म्हणजे विमानाचे चार टप्पे, बसतात. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो आणि परत म्हणजे बरोबर चार, एका नंबरात मावतात. नागपूरहून सुरुवात केली तर सहा होतात आणि दुसरा नंबर लागतो, पण तो पहिल्याच्या लगेच पुढचा असतो आणि दोन्ही जोडलेले असतात. तेही एकच तिकीट. त्यामुळे दोन नंबर दिसले म्हणून घाबरायचं नाही, आणि पीएनआर एक दिसला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. एजंट कधीकधी एकाच पीएनआरमध्ये दोन अगदी स्वतंत्र तिकिटं काढून देतात.

केतन_देसाई

थोडं वेगळं मत. वेगळी तिकिटं म्हणजे घातच, असं नाही. मी कामासाठी युरोपात सतत असाच फिरतो. फक्त केबिन बॅग, मध्ये पाच-सहा तास, आणि पुढचं विमान चुकलं तर त्याच दिवशी अजून एखादं विमान. आजवर बरेच पैसे वाचले. आणि काउंटरवर छान बोललं तर बॅगही पुढे टॅग करून देतात, माझ्या मित्राला दिली होती. 70 हजार लहान रक्कम नाही.

टॅगवाला

केतन, तुमच्या मित्राचं खरं असणार. मी स्वतःही लोकांना असं करून दिलं आहे. पण ते कसं होतं ते सांगतो, म्हणजे त्याच्यावर किती विसंबायचं ते कळेल.

बॅगेच्या पट्टीवर दहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा सोडला की पुढचे तीन एअरलाइनचे आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. पट्टी छापली की आमच्या सिस्टीममधून एक संदेश पुढच्या विमानतळाला जातो: या नंबरची बॅग, या प्रवाशाची, अमुक विमानाने येणार, तमुक विमानाने पुढे जाणार. फ्रँकफर्टच्या तळघरात बॅग पट्ट्यावरून धावते, स्कॅनर तो नंबर वाचतो आणि संदेशात पुढचं विमान असेल तर बॅग तिकडे वळते. संदेशात पुढचं काही नसेल तर ती बाहेर, सामान घ्यायच्या पट्ट्यावर येते.

तिकीट एक असेल तर हे आपोआप होतं. वेगळं असेल तर काउंटरवरच्या माणसाला पुढचं विमान हाताने भरावं लागतं. त्यासाठी दोघींमध्ये बॅगांचा करार हवा, कंपनीने वेगळ्या तिकिटावर असं करायची मुभा दिलेली हवी, आणि त्या माणसाला ते येत असायला हवं. मुभा कमी होत चालली आहे. ब्रिटिश एअरवेजने 2016 मध्ये वेगळ्या बुकिंगवर बॅग पुढे पाठवणं बंद केलं, पुढचं विमान स्वतःचं असलं तरी. रायनएअर, ईझीजेट यांच्याकडे तर असा करारच नसतो, तिथे विचारण्यात अर्थ नाही.

म्हणजे "छान बोललं तर" हे मुंबईच्या काउंटरवर, रात्री अकरा वाजता, मागे रांग असताना ठरणार. आणि सायलीताईंच्या बाबतीत नकार मिळाला तर प्रश्न फक्त बॅगांचा राहत नाही. पुढचं जेवून येऊन लिहितो.

विश्वास_न्यूजर्सी

पण बॅगा मध्ये घ्याव्याच लागतात की! आम्ही एकाच तिकिटावर मुंबई–नेवार्क–डेन्व्हर गेलो, नेवार्कला सगळ्या बॅगा उतरवून कस्टम्समधून न्याव्या लागल्या. मग एक तिकीट असून उपयोग काय झाला?

गंधाली_पोर्तो

विश्वासदादा, ते कारण वेगळं आहे. अमेरिकेत साधारणपणे जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच कस्टम्स होतं, तिकीट कितीही जोडलेलं असो. पण तुमच्या बॅगेवर डेन्व्हरची पट्टी आधीच होती ना? कस्टम्सच्या दारातून बाहेर आल्यावर बाजूच्याच पट्ट्यावर बॅग ठेवली आणि निघालात. नवं चेक-इन नाही, वजन नाही, पैसे नाहीत. सेल्फ-ट्रान्सफरमध्ये बॅग घेऊन थेट प्रवेशद्वारापाशी जायचं आणि पहिल्यांदा विमानतळावर आल्यासारखं सगळं नव्याने करायचं.

आता माझी गोष्ट. गेल्या डिसेंबरात पोर्तोहून मुंबईला येत होते. एका साइटवर स्वस्त जोडणी दिसली: पोर्तो–फ्रँकफर्ट एका स्वस्त एअरलाइनने, पुढे फ्रँकफर्ट–मुंबई दुसरीने. खाली फिकट अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहिलं होतं. मी वाचलं, पण विचार केला की माझ्याकडे पोर्तुगालचं रेसिडेन्स कार्ड आहे, बाहेर जाऊन बॅग घेईन, चार तास आहेत. पहिलं विमान तीन तास उशिरा निघालं. पट्ट्यावर बॅग येईपर्यंत मुंबईचं चेक-इन बंद. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही आलाच नाहीत अशी नोंद झाली आहे." तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. मी उशिरा का आले हे तिला कळायचा मार्गच नव्हता, पहिल्या विमानाशी तिचा काही संबंध नाही. पहिली एअरलाइन म्हणाली, "आम्ही तुम्हाला फ्रँकफर्टला पोचवलं." दोघींचं खरं, आणि मी मधल्या मध्ये. साइटची हमी होती, त्यांनी अर्ज घेतला, पण त्या रात्री नवं तिकीट मलाच काढावं लागलं. एकच तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवणं एअरलाइनचं काम होतं.

मंदार_पिंपरी

+1 गंधाली. आणि जाणारं विमान असं चुकलं तर त्याच तिकिटावरचं परतीचं विमानही रद्द होतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सायली, तुझ्या आईबाबांचं शिकागो–फ्रँकफर्ट परतीचं कूपनही त्यात जाईल.

टॅगवाला

मंदार यांचा मुद्दा अगदी बरोबर. आता मुख्य गोष्ट.

अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर फ्रँकफर्टला विमानतळाच्या आतच राहून विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. पण बॅगा घ्यायच्या तर पासपोर्ट तपासणी पार करून जर्मनीत शिरावं लागतं, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा हवाच. अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही.

मुंबईच्या काउंटरवर काय होईल ते बघा. तिकीट फ्रँकफर्टला संपतं, म्हणून सिस्टीम विचारते: या प्रवाशांना जर्मनीत प्रवेश आहे का? नाही. आईबाबा शिकागोचं दुसरं तिकीट दाखवतील. काउंटरवरच्या माणसाने बॅगा शिकागोच्या ORD पर्यंत टॅग केल्या तर त्यांना बाहेर जायची गरज नाही, तो सोडू शकतो. बॅगा फ्रँकफर्टच्या FRA पर्यंतच टॅग झाल्या तर त्याला दिसतंय की या लोकांना व्हिसा नसताना बाहेर जावं लागणार, आणि तो त्यांना विमानात बसूच देणार नाही. व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड होतो, त्यामुळे तो धोका कोणी पत्करत नाही. तुमची ट्रिप मुंबईतच थांबेल आणि पैसे बहुधा परत मिळणार नाहीत, कारण कागदपत्रं पुरेशी आहेत की नाही ते पाहणं ही प्रवाशाची जबाबदारी.

शेंगेन व्हिसा आहे असं धरलं तरी वेळेचा हिशोब मांडा. तुमच्याकडे 170 मिनिटं. विमान टेकून दार उघडून खाली यायला 20, व्हीलचेअरसह पासपोर्ट तपासणी 40, चार बॅगा यायला 30, दुसरं टर्मिनल असेल तर तिथे जायला 15. झाली 105. लांबच्या विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, ते 60. उरली पाच मिनिटं, आणि तीही पहिलं विमान वेळेवर आलं तर.

आणि व्हीलचेअर. एका तिकिटावर WCHR एकदा नोंदवलं की ती विनंती पुढच्या टप्प्यालाही जाते, फ्रँकफर्टला माणूस दारात उभा असतो आणि पुढच्या गेटपर्यंत नेतो. दोन तिकिटांवर दोन्हीकडे वेगळं नोंदवावं लागतं, आणि पहिल्या नोंदीनुसार तो माणूस आईंना बाहेर जायच्या दाराकडे नेणार, कारण त्याच्या कागदावर प्रवास तिथेच संपतोय.

सायली_शिकागो

बाप रे. प्रवेश आणि बॅगा एकमेकांत अडकलेल्या आहेत हे मला सुचलंच नव्हतं. मी अमेरिकेच्या व्हिसावर ट्रान्झिट चालतं एवढं वाचून निवांत होते. टॅगवाला, मनापासून आभार.

आज तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी ती म्हणाली, "दुसरं तिकीट काढलंत की कळवा, आम्ही दोन्ही पीएनआर लिंक करून देतो." तसं केलं तर?

टॅगवाला

लिंक करणं म्हणजे एका बुकिंगमध्ये दुसऱ्याची नोंद लिहून ठेवणं. काउंटरवरच्या माणसाला पुढचा प्रवास समोर दिसतो एवढा फायदा, आणि तो काही कमी नाही. पण त्याने दोन करारांचा एक करार होत नाही. विमान चुकलं तर दुसरी एअरलाइन ती नोंद वाचायलाही बांधील नाही.

अॅड_शुभदा

बॅगेचं कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहिते. मॉन्ट्रियल करार भारताला 2009 पासून लागू आहे. एकाच करारातला सलग प्रवास असेल तर बॅग हरवल्यावर पहिली एअरलाइन, शेवटची आणि ज्या टप्प्यात हरवली ती, यांपैकी कोणाकडेही दाद मागता येते. व्यवहारात शेवटच्या विमानतळावर, शेवटच्या एअरलाइनकडे तक्रार नोंदवायची. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. बॅग फुटली तर 7 दिवसांत आणि उशिरा आली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार हवी, काउंटरवर तोंडी सांगितलेलं पुरत नाही.

दोन तिकिटांवर काउंटरवाल्याने बॅग पुढे टॅग केली आणि ती हरवली तर मात्र दोन्हीकडून एकमेकांकडे बोट दाखवलं जाण्याची शक्यता असते. पट्टीवर दोघींची विमानं छापलेली असल्याने प्रवाशाच्या हातात पुरावा असतो, असं माझं मत. टॅगवाला, तुमचा अनुभव?

टॅगवाला

इथे मी ठाम सांगू शकत नाही. माझ्या डेस्कवर अशा बॅगा शोधून दिल्या गेल्या, पण पैसे कोणी भरले ते आमच्यापर्यंत यायचं नाही.

केतन_देसाई

माझं आधीचं मत या प्रवासापुरतं मागे घेतो. केबिन बॅग घेऊन फिरणारा मी आणि चार बॅगा घेऊन जाणारी आई, हे एक नाही. पण माइल्सचं तिकीट फुकट का घालवायचं? शेंगेन व्हिसा काढा, शुल्क माणशी 90 युरो आणि व्हीएफएसचं वर. फ्रँकफर्टला दोन रात्री राहा. मग बॅगा बाहेर घेणं हा प्रश्नच राहत नाही आणि विमान चुकायची भीतीही नाही.

नाना_डोंबिवली

केतनची कल्पना चांगली आहे, पण 23 किलोच्या चार बॅगा हॉटेलात नेणं-आणणं या वयात सोपं नाही. मी 74 चा आहे, अनुभवाने सांगतो. सायली, मी आधी चुकीचं सांगितलं, मनावर घेऊ नकोस. माझ्या तिकिटाची गोष्ट मलाच आज कळली.

विश्वास_न्यूजर्सी

एक राहिलं. वजनाचं बघितलंत का? एका तिकिटावर माणशी दोन बॅगा पूर्ण प्रवासाला मोजतात. दोन तिकिटांवर प्रत्येक एअरलाइनचा आपला नियम लागतो. सेलचं तिकीट बऱ्याचदा बॅगेशिवाय असतं.

सायली_शिकागो

विश्वासदादा, तुमचं वाचून लगेच पाहिलं. सेलच्या भाड्यात चेक-इन बॅग एकही नाही! चार बॅगांचे जाऊन-येऊन पैसे धरले तर 70 हजारांतले निम्म्याहून जास्त तिथेच जातात.

काल रात्री आईबाबांशी बोलले. बाबांना फ्रँकफर्टला राहायची कल्पना आवडली, आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना विचारा आधी." शेवटी ठरलं: मुंबई–शिकागो एकच तिकीट, फ्रँकफर्टमार्गेच. माइल्सचं तिकीट रद्द करतोय, शुल्क कापून माइल्स परत येतायत आणि मुदत महिनाभर वाढवून मिळालीय. बाबा त्यात दिवाळीआधीच्या प्रवासाचं कोचीचं तिकीट काढणार आहेत.

तिकीट आत्ताच काढलं. तेरा आकडी नंबर चारही टप्प्यांना एकच आहे, तीनतीनदा तपासला. काउंटरवर अजून काय बघायला सांगू?

टॅगवाला

छान केलंत. बाबांना सांगा, बोर्डिंग पास दोन मिळाले का ते पाहा, आणि बॅग पट्ट्यावर सरकायच्या आधी पट्टी वाचा. सगळ्यात मोठ्या अक्षरांत ORD हवं, FRA फक्त मधला टप्पा म्हणून लहान अक्षरांत. चारही बॅगांवर वेगवेगळं बघायचं, कारण कधीकधी तीन बरोबर आणि चौथी चुकीची निघते. FRA मोठं दिसलं तर तिथेच थांबवायला सांगा, पट्टी बदलायला एक मिनिट लागतं. मागच्या प्रवासाच्या जुन्या पट्ट्या आणि छोटे बारकोडचे तुकडे घरीच काढून टाका, स्कॅनर तेही वाचतो. आणि पासपोर्टच्या मागे चिकटवलेल्या चार पावत्यांचा फोटो तुम्हाला पाठवायला सांगा, म्हणजे बॅग राहिली तर शिकागोला तुम्ही नंबर वाचून दाखवू शकाल.

चकलीवाली

लोणच्याच्या बरणीचं विसरू नका. दोन पिशव्या.